'आमच्या घरांपासून': अश्लिष्ट, श्लिष्ट आणि अयोगात्मक भाषा ओळखायच्या कशा

प्रश्न: पुस्तकात भाषांचे ॲग्लुटिनेटिव्ह, फ्युजनल आणि आयसोलेटिंग असे तीन प्रकार दिलेत. व्याख्या पाठ आहेत, पण प्रत्यक्ष उदाहरण समोर आलं की ते कोणत्या प्रकारातलं हे ठरवता येत नाही. प्रत्येकाचं एकेक उदाहरण फोडून दाखवाल का? आणि आपली मराठी यात कुठे बसते?

उत्तर:

अडचण होते ती व्याख्यांमुळेच. बहुतेक पुस्तकं दोन वेगवेगळे प्रश्न एकाच व्याख्येत कोंबतात. पहिला प्रश्न असा की एका शब्दात अर्थाचे किती तुकडे बसतात. दुसरा असा की ते तुकडे एकमेकांपासून सुटे करता येतात का, आणि प्रत्येक तुकडा एकच अर्थ सांगतो का. आयसोलेटिंग हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे: एका शब्दात जवळजवळ एकच तुकडा. ॲग्लुटिनेटिव्ह आणि फ्युजनल यांतला फरक मात्र दुसऱ्या प्रश्नाचा आहे. या दोन्हींत एका शब्दात अनेक अर्थ असतात. एकीत ते सुटे निघतात, दुसरीत निघत नाहीत. त्यामुळे तीन कप्पे शेजारी मांडून 'हे वाक्य कुठल्या कप्प्यातलं' असं विचारण्यापेक्षा हे दोन प्रश्न क्रमाने विचारले की उत्तर बरंच लवकर सापडतं.

शब्दांबद्दल एवढंच सांगतो, की आपल्याकडच्या पुस्तकांत आयसोलेटिंगला अयोगात्मक, ॲग्लुटिनेटिव्हला अश्लिष्ट योगात्मक आणि फ्युजनलला श्लिष्ट योगात्मक म्हणतात. पुढे मी अयोगात्मक, अश्लिष्ट आणि श्लिष्ट एवढंच म्हणेन. अर्थाच्या तुकड्याला पुस्तकात रूपिका किंवा पदिम म्हणतात. इथे 'तुकडा' पुरे.

तिन्ही प्रकारांसाठी मी एकच अर्थ घेतो, 'आमच्या घरांपासून'. अर्थ एकच असला की बांधणीतला फरक नेमका दिसतो.

तुर्की: अश्लिष्ट

तुर्कीत हा सगळा अर्थ एका शब्दात येतो: एवलेरिमिझदेन. तो फोडला की असा दिसतो:

एव (घर) + लेर (अनेक) + इमिझ (आमचं) + देन (पासून)

पण नुसत्या रेघा मारून शब्द फोडला म्हणजे सिद्ध काही होत नाही. रेघा कुठल्याही शब्दावर मारता येतात. खरी चाचणी अशी की अर्थातली एकच गोष्ट बदलायची आणि शब्दात किती बदल होतो ते पाहायचं. घरं अनेक नाहीत, एकच आहे असं समजा: एव-इमिझ-देन. फक्त 'लेर' गेला, बाकी सगळं जसंच्या तसं. घरं आमची नाहीत, माझी आहेत: एव-लेर-इम-देन. फक्त 'इमिझ'च्या जागी 'इम' आला. 'पासून' नको, 'मध्ये' हवं: एव-लेर-इमिझ-दे. फक्त शेवट बदलला. अर्थातल्या एका बदलाला शब्दातला एकच बदल, आणि तोही ठरलेल्या जागी. ही अश्लिष्ट भाषेची खूण.

तुकड्यांचा क्रमही ठरलेला असतो. आधी वचन, मग मालकी, मग विभक्ती. 'एव-देन-लेर' असा शब्द तुर्कीत होत नाही. अनेकवचनाचा 'लेर' विभक्ती कोणतीही असली तरी तोच राहतो: एवदेन–एवलेरदेन (घरापासून–घरांपासून), एवदे–एवलेरदे (घरात–घरांत), एवे–एवलेरे (घराला–घरांना). हे लक्षात ठेवा. संस्कृतकडे गेल्यावर हीच तुलना उपयोगी पडणार आहे.

इथे विद्यार्थ्यांची एक हमखास गफलत होते. तुर्कीत 'पासून'चा प्रत्यय नेहमी 'देन' नसतो. ओकुल म्हणजे शाळा. 'शाळेपासून' होतं ओकुलदान. किताप म्हणजे पुस्तक, आपल्या 'किताब'चाच सोयरा. 'पुस्तकापासून' होतं कितापतान. पावाला एकमेक म्हणतात; 'पावापासून' एकमेकतेन. म्हणजे देन, दान, तेन, तान अशी चार रूपं झाली. मग प्रत्येक तुकड्याचं एकच रूप कुठे राहिलं?

राहिलं, कारण कोणतं रूप येणार हे केवळ आवाजावरून ठरतं. आधीच्या अक्षरात ए किंवा इ सारखा जिभेच्या पुढच्या भागाचा स्वर असेल तर 'दे-', आ, ओ, उ सारखा मागचा स्वर असेल तर 'दा-'. आधीचं व्यंजन प, क, त सारखं कठोर असेल तर द चा त होतो. शब्द तुम्हाला पूर्वी माहीत नसला, त्याचा अर्थही ठाऊक नसला, तरी नुसता कानावर पडल्यावर योग्य प्रत्यय लावता येतो. स्वरांचं हे जुळवून घेणं म्हणजे उच्चाराची सोय आहे. त्याने तुकड्यांची सीमा पुसली जात नाही. म्हणून रूपं अनेक दिसली की लगेच 'श्लिष्ट' म्हणून मोकळं व्हायचं नाही. आधी विचारायचं: रूप आवाजावरून ठरतंय, की आणखी काही माहिती लागतेय?

आता तुर्कीची दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण पाठ्यपुस्तकं ती बहुधा लपवतात. 'एवलेरि' हा शब्द घ्या. याचा अर्थ 'घरांना' असा कर्माचा होतो, 'त्याची घरं' होतो, 'त्यांचं घर' होतो आणि 'त्यांची घरं'ही होतो. शेवटच्या अर्थासाठी हिशेबाने दोन 'लेर' यायला हवेत, एक घरांच्या अनेकवचनाचा आणि एक 'त्यांच्या'चा. पण तुर्की दोन 'लेर' लागोपाठ येऊ देत नाही, एकच ठेवते. त्या एका 'लेर'मध्ये दोन अर्थ मिसळतात आणि आपली चाचणी तिथे अडते. सर्वनामांतही तसंच. बेन म्हणजे मी; नियमाने 'मला' साठी 'बेने' व्हायला हवं, पण होतं 'बाना'. मूळ शब्दाचा स्वरच बदलला. थोडक्यात, तुर्की अश्लिष्ट आहे म्हणजे तिचं बहुतेक व्याकरण अश्लिष्ट आहे. प्रत्येक शब्द तसाच असेल असं नाही.

सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या वाचकांना यासाठी तुर्कीपर्यंत जायची गरज नाही. कन्नडमध्ये मने म्हणजे घर, मनेगळु म्हणजे घरं, मनेयिंद म्हणजे घरापासून आणि मनेगळिंद म्हणजे घरांपासून. 'गळ' आणि 'इंद' सुटे काढता येतात. मधला 'य' दोन स्वर सांधायला आलेला, तोही आवाजापुरता.

संस्कृत: श्लिष्ट

तोच अर्थ संस्कृतात: अस्माकं गृहेभ्यः। 'आमच्या' हा वेगळा शब्द झाला, पण आपल्याला 'गृहेभ्यः' पाहायचा आहे. घर, अनेक, पासून असे तीन अर्थ यात आहेत.

तीच चाचणी लावू. फक्त वचन बदला: गृहात्। 'अनेक' काढायला गेलो तर 'पासून'चं चिन्हही गेलं आणि सगळा शेवटच नवा आला. तुर्कीत एवलेरदेनमधून 'लेर' उचलला की एवदेन उरतो. इथे गृहेभ्यःमधून काहीही उचललं तरी गृहात् उरत नाही.

दुसऱ्या बाजूने करून पाहू. तुर्कीत प्रत्येक विभक्तीत 'लेर' सापडला होता. संस्कृतात अनेकवचनाचं चिन्ह शोधा. पंचमीत गृहात्–गृहेभ्यः, षष्ठीत गृहस्य–गृहाणाम्, सप्तमीत गृहे–गृहेषु. गृहेभ्यः, गृहाणाम् आणि गृहेषु यांना जोडणारा असा एकही तुकडा नाही, ज्याच्याकडे बोट दाखवून 'हे अनेकवचन' म्हणता येईल. वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात विरघळलेली आहेत. (गृहाणाम् मधला 'ण' मात्र बाजूला ठेवा. तो आधीच्या ऋ मुळे न चा ण झालेला आहे, म्हणजे तुर्कीच्या देन-दानसारखाच आवाजाचा परिणाम.)

याला पाणिनीपेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. नामाला लागणारे प्रत्यय तो एकाच सूत्रात देतो, 'स्वौजसमौट्...' (४.१.२). ते एकवीस आहेत: सात विभक्ती गुणिले तीन वचनं. संस्कृतात वचन वेगळं काढता आलं असतं, तर सात विभक्तिप्रत्यय आणि वरून दोन-तीन वचनप्रत्यय एवढ्यात काम भागलं असतं. जिथे एक मात्रा वाचवता येईल तिथे ती वाचवणारी ही परंपरा. तरीही तिने एकवीस स्वतंत्र प्रत्यय मांडले, कारण प्रत्येक प्रत्यय विभक्ती आणि वचन ही दोन्ही एकदमच सांगतो.

पुढची चाचणी: एकच अर्थ वेगवेगळ्या शब्दांना लावून पाहायचा. पंचमीचं एकवचन घेतलं तर गृहात्, नद्याः, मुनेः, पितुः, मनसः अशी रूपं येतात. कोणी म्हणेल, हाही आवाजाचाच परिणाम असेल, शब्दाच्या शेवटी अ आहे की ई यावरून ठरत असेल. म्हणून मी वर्गात नेहमी एक जोडी फळ्यावर लिहितो: मुनि आणि मति. दोन्हींचा शेवट ऱ्हस्व इकार. तृतीया एकवचन करा. मुनि → मुनिना, मति → मत्या. शेवटचा आवाज तोच, तरी रूपं वेगळी, कारण मुनि पुल्लिंगी आणि मति स्त्रीलिंगी. म्हणजे 'ना' हा प्रत्यय विभक्ती आणि वचन तर सांगतोच, शिवाय लिंगाचीही वर्दी देतो. ही माहिती कानाला ऐकू येत नाही. शब्द आधी माहीत असावा लागतो. तुर्कीच्या नामांना व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

उलट दिशेनेही घोटाळा आहे. गृहाभ्याम् हे एकच रूप तृतीया, चतुर्थी आणि पंचमी अशा तीन विभक्तींचं द्विवचन आहे. गृहेभ्यः चतुर्थी आणि पंचमी दोन्हींचं. एका रूपाला अनेक अर्थ आणि एका अर्थाला अनेक रूपं, हे दोन्ही एकाच वेळी होत असेल तर ती श्लिष्टतेची पक्की निशाणी समजावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली म्हणजे, संधी होतात म्हणून संस्कृत श्लिष्ट आहे असं उत्तरपत्रिकांत फार वेळा वाचायला मिळतं. ते चूक आहे. तत् + अपि = तदपि हा संधी दोन स्वतंत्र शब्दांमधला आहे आणि आवाजाच्या नियमाने होतो; तो उलगडला की दोन्ही शब्द अखंड परत मिळतात. गृहात् मधल्या 'आत्'चा विग्रह करून 'पंचमी' एका हातात आणि 'एकवचन' दुसऱ्या हातात येत नाही. दुसरी अशी, की 'भ्यः' हा तुकडा गृहेभ्यः, नदीभ्यः, लताभ्यः असा बऱ्यापैकी स्वच्छ निघतो. म्हणजे श्लिष्ट भाषेतही काही जोड ठळक असतात. पण तो सुटा निघाला तरी 'चतुर्थी-पंचमी' आणि 'अनेकवचन' ही जोडी त्याच्या आत अडकलेलीच राहते. जोड दिसणं ही एक गोष्ट आणि एका तुकड्याला एकच अर्थ असणं ही दुसरी.

व्हिएतनामी: अयोगात्मक

अयोगात्मक म्हटलं की बहुतेकांना चिनी आठवते. मी व्हिएतनामी घेतो, कारण ती या बाबतीत जास्त नितळ आहे. देवनागरीत तिचे सूर दाखवता येत नाहीत आणि काही स्वरही जेमतेमच उतरतात, तेवढं सांभाळून वाचा:

तू न्युंग ङोइ न्या कुअ चुंग तोइ

तू म्हणजे पासून, न्युंग म्हणजे अनेक, ङोइ हा घरासारखी वस्तू मोजताना लावायचा शब्द, न्या म्हणजे घर, कुअ म्हणजे 'चा', आणि चुंग तोइ म्हणजे आम्ही. 'आम्ही'च, ऐकणाऱ्यालाही धरायचं असेल तर चुंग ता, म्हणजे 'आपण'. मराठी माणसाला हा भेद वेगळा समजवावा लागत नाही.

इथे चाचणी अशी की घराला काहीही झालं तरी 'न्या' हलत नाही. घरात, घराला, घरापासून, एक घर, तीन घरं, सगळीकडे न्या. तीन घरं म्हणजे बा ङोइ न्या. संख्या सांगायची नसेल तर नुसतं 'न्या', आणि घर एक की अनेक हे ऐकणारा संदर्भाने समजतो. व्याकरण ते सांगायला भाग पाडत नाही.

मग कोण कर्ता आणि कोण कर्म हे कसं कळतं? जागेवरून. तोइ थय नो म्हणजे 'मी त्याला पाहतो'. नो थय तोइ म्हणजे 'तो मला पाहतो'. मराठीत मी–मला, तो–त्याला असे शब्दच बदलले, तिथे फक्त जागा बदलल्या. मराठीत 'त्याला मी पाहतो' म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, कारण खूण शब्दाच्या अंगावर आहे. व्हिएतनामीत ती सवलत नाही.

हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत, की तुर्कीसारखेच प्रत्यय फक्त जागा सोडून लिहिले आहेत? हा रास्त प्रश्न आहे. याची चाचणी मध्ये दुसरा शब्द घालून करायची. 'तू' आणि 'न्या' यांच्यामध्ये न्युंग ङोइ आलेच आहेत, त्यांच्या जागी बा ङोइ आणता येतं, न्या आणि कुअ यांच्यामध्ये 'मोठं' असं विशेषण घालता येतं. तुर्कीत एव आणि देन यांच्यामध्ये ठरलेले प्रत्यय सोडून दुसरा कुठलाही शब्द शिरू शकत नाही. शिवाय व्हिएतनामीतले हे छोटे शब्द पुष्कळदा पूर्ण शब्द म्हणूनही वावरतात. 'चो' म्हणजे देणं हे क्रियापद, आणि 'च्यासाठी' म्हणायलाही 'चो'च.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. अयोगात्मक म्हणजे शब्द एकाच अक्षराचे, असं नाही. व्हिएतनामीत न्या माय म्हणजे कारखाना (घर + यंत्र), न्या बाओ म्हणजे पत्रकार. हे जोडशब्द आहेत आणि भाषेत ते विपुल आहेत. सामासिक शब्द भरपूर असूनही भाषा अयोगात्मक असू शकते, कारण प्रश्न आहे तो विभक्ती, वचन, काळ अशा व्याकरणिक खुणा शब्दाच्या आत येतात का, हा.

मोजून पाहिलं तर

हे दोन प्रश्न खरोखर वेगळे आहेत हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या मोजणीत छान दिसतं. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी प्रत्येक भाषेतल्या शंभर शब्दांचा उतारा घेऊन दोन आकडे काढले. एका शब्दात सरासरी किती तुकडे, हा पहिला. तो व्हिएतनामीसाठी १.०६ आला, याकूतसाठी २.१७ आणि संस्कृतसाठी २.५९. याकूत ही सैबेरियातली, तुर्कीच्याच कुळातली भाषा. दुसरा आकडा म्हणजे तुकड्यांच्या जोडांपैकी स्वच्छ, अश्लिष्ट जोड किती. याकूतसाठी तो ०.५१, संस्कृतसाठी ०.०९.

पहिल्या आकड्यात संस्कृत आणि याकूत शेजारी आहेत, किंबहुना संस्कृत थोडी पुढेच आहे. दुसऱ्यात त्या फार लांब जातात. म्हणून 'लांबलचक शब्द म्हणजे अश्लिष्ट भाषा' ही ओळख टिकत नाही. याकूतचा आकडा १ नाही हेही पाहा. जवळपास निम्मे जोड तिच्यातही स्वच्छ निघाले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात जर्मन विचारवंत फ्रीड्रिख श्लेगल आणि त्याच्यानंतरच्या अनेकांनी या प्रकारांची उतरंड लावली, संस्कृत-ग्रीकसारख्या भाषा वर आणि चिनी खाली. भाषा अयोगात्मकाकडून श्लिष्टाकडे 'प्रगती' करते असंही मानलं गेलं. त्याला आधार नाही. इंग्रजी संस्कृतच्याच कुळातली, पण हजार वर्षांत तिच्या बहुतेक विभक्ती गळून ती अयोगात्मकाच्या दिशेने गेली. प्रकार आणि कूळ या दोन गोष्टी कधीही एकमेकांत मिसळू नका.

मराठी

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मराठीला एक शिक्का मारायचा आग्रह सोडला तर ती या विषयाची उत्तम प्रयोगशाळा आहे.

वाट आणि गाठ हे दोन शब्द घ्या. दोन्ही स्त्रीलिंगी, शेवट सारखाच. वाट → वाटेपासून, वाटांपासून. गाठ → गाठीपासून, गाठींपासून. 'पासून' दोन्हीकडे तोच, न बदलणारा, तुर्कीच्या प्रत्ययाइतका स्वच्छ. पण मधलं सामान्यरूप? वाटचं 'वाटे' का आणि गाठचं 'गाठी' का, हे आवाज सांगत नाही आणि लिंगही सांगत नाही. शब्द कोणत्या गटातला आहे ते माहीतच असावं लागतं. ही संस्कृतची मुनिना–मत्या गंमत, किंबहुना तिच्याही पुढची. म्हणजे एकाच मराठी शब्दात पहिला जोड श्लिष्ट आहे आणि दुसरा अश्लिष्ट. कारणही इतिहासात आहे. सामान्यरूप हे जुन्या विभक्तिरूपांचं उरलेलं अंग आहे, आणि पासून, साठी, मुळे ही त्यावर नंतर येऊन बसलेली शब्दयोगी अव्ययं.

आता 'घरांतल्यांना' हा शब्द तुर्कीच्या 'एवलेरदेकिलेरे' शेजारी ठेवा. अर्थ एकच:

घर – आं – त – ल् – यां – ना
एव – लेर – दे – कि – लेर – ए

सहा तुकड्यांना सहा तुकडे, क्रमही तोच. घर, अनेक, मध्ये, 'तला', पुन्हा अनेक, ला. तुर्की शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा शब्द दाखवला की पुढचं व्याकरण तो भराभर उचलतो. पण बारकाईने पाहिलं तर फरक उरतोच. तुर्कीत दोन्ही ठिकाणी 'लेर' आहे. मराठीत पहिल्या ठिकाणी 'आं' आणि दुसऱ्या ठिकाणी 'यां', कारण 'घर' आणि 'तला' यांचे सामान्यरूपाचे गट वेगळे. शिवाय हे 'आं' नुसतं अनेकवचन नाही, 'पुढे प्रत्यय येतोय' हेही तेच सांगतं. प्रत्यय नसता तर 'घरं' झालं असतं. आणि शेवटच्या 'ना'मध्ये पुन्हा अनेकवचन आहे, एकवचनात 'ला' आलं असतं. तुर्कीचा 'ए' अशी वचनाची पर्वा करत नाही. एवढ्या एका शब्दावर दोन्ही प्रकार शेजारीशेजारी तपासता येतात.

शेजाराचाही इथे परिणाम असतो. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या एकत्र बोलल्या जातात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या बोलींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की शब्द आपापल्या भाषेचे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत तुकड्याला तुकडा ठेवून उतरवता येतं. यातल्या दोन भाषा आर्यकुळातल्या आणि एक द्राविडी, तरीही.

शेवटी, प्रत्यक्ष मोजणीला बसाल तेव्हा लेखनातल्या जागेवर विसंबू नका. मराठीत आपण 'घरापासून' जोडून लिहितो, हिंदीत 'घर से' तोडून. केवळ त्यावरून हिंदी जास्त अयोगात्मक ठरवणं म्हणजे भाषेऐवजी लेखनाचा नियम मोजणं. मध्ये शब्द घालून पाहा. हिंदीत 'राम ही ने' चालतं, म्हणजे 'ने'च्या आधी 'ही'ला जागा आहे. मराठीत 'रामानेच' होतं, 'रामचने' होत नाही. म्हणजे इथे खरोखरच थोडा फरक आहे, पण तो या चाचणीने कळला, मोकळ्या जागेने नाही. मराठीचा शंभर शब्दांचा उतारा घेणार असाल तर पासून, साठी, मुळे ही स्वतंत्र शब्द धरायची की शब्दाचा भाग, हे आधी ठरवून लिहून ठेवा. हा एक निर्णय बदलला की तुमचा पहिला आकडा बदलेल, आणि ज्या भाषेशी तुलना करणार आहात तिथेही तोच निकष लावलेला असेल तरच ते दोन आकडे शेजारी ठेवता येतील.